१:१४ की २:१? तांदळाच्या गणितात क्रॉस मारताना मधे कोणता आकडा लिहायचा

प्रश्न: सर, मिश्रणाच्या पानाचा फोटो टाकलाय. १२ वं गणित: ४० रु. किलो आणि ५५ रु. किलोचा तांदूळ कोणत्या प्रमाणात मिसळावा म्हणजे मिश्रण ५४ रु. किलोने विकून २०% नफा होईल? मी क्रॉस मारला तर १:१४ येतं, मागे उत्तर २:१ दिलंय. १३ वं: एका भांड्यात दूध-पाणी ४:१, दुसऱ्यात ३:२, कोणत्या प्रमाणात मिसळलं की २:१ होईल? माझं १:४ येतं, पुस्तकात १:२. पुस्तक चुकलंय की मी? तलाठी भरतीची तयारी चालू आहे.

उत्तर:

पुस्तक दोन्हीकडे बरोबर आहे. पण तुमची कच्ची आकडेमोड फोटोच्या कडेला पेन्सिलने दिसतेय, ती बघितली तर क्रॉस तुम्ही व्यवस्थित मारलाय, वजाबाक्या बरोबर आहेत, तिरक्या जागाही बरोबर आहेत. घोळ क्रॉसच्या आधी झालाय. क्रॉसला तीन आकडे लागतात, दोन वर आणि एक मधे, आणि हे तिन्ही एकाच जातीचे असावे लागतात. बाराव्यात तुमचे दोन आकडे खरेदीचे आणि मधला विक्रीचा झाला. तेराव्यात तिन्ही आकडे एका जातीचे आहेत पण ते ज्या गोष्टीमागे मोजलेत ती गोष्ट वेगळी आहे, म्हणून उत्तर आलं ते भलत्याच वस्तूचं. भरतीच्या क्लासमध्ये हा धडा शिकवताना मला वह्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसणाऱ्या चुका याच दोन आहेत, त्यामुळे जरा सावकाश सांगतो.

आधी फोटोबद्दल एक गोष्ट. बारावं गणित नेमकं पानाच्या घडीत गेलंय आणि नफ्याचा आकडा २० आहे की २५ ते झूम करूनही मला खात्रीने दिसेना. तुम्ही टाइप करताना २०% लिहिलंय, पण मी तेवढ्यावर विसंबलो नाही. अशावेळी मागचं उत्तर उलटं लावून बघायचं. २:१ म्हणजे ४० वाला दोन किलो आणि ५५ वाला एक किलो, खर्च झाला ८० अधिक ५५ म्हणजे १३५, तीन किलोचे १३५ म्हणजे किलोमागे ४५. ४५ ला घेतलेलं ५४ ला विकलं तर ९ रुपये सुटले, आणि ९ हे ४५ चे बरोबर २० टक्के. म्हणजे छापलेला आकडा २० च आहे. फोटोवरून, झेरॉक्सवरून गणितं सोडवणाऱ्यांनी ही सवय ठेवाच, कारण ३ चा ८ आणि ० चा ५ दिसला म्हणून अर्धा तास डोकं आपटत बसलेले लोक मी बघितलेत.

आता तुमचं १:१४ काय सांगतंय ते बघू, कारण ते उत्तर फुकट गेलेलं नाही, ते एका दुसऱ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे. ४० वाला १ किलो आणि ५५ वाला १४ किलो घेतला तर खर्च ४० अधिक ७७०, म्हणजे ८१० रुपये, तांदूळ झाला १५ किलो. ८१० ला १५ ने भागा, ५४ आले. म्हणजे हे मिश्रण दुकानदाराला ५४ रुपये किलोनेच पडलं, आणि तो विकतोय पण ५४ नेच. नफा शून्य, वर पोतं सोडून मिसळायची मेहनत फुकट. तुम्ही मधे ५४ लिहिलेत तेव्हा क्रॉसने मुकाट्याने तेच केलं जे तुम्ही सांगितलं, ५४ ला पडेल असं मिश्रण शोधून दिलं. प्रश्नातल्या नफ्याला तुम्ही कुठे हातच लावला नाही, आणि हा स्वतःत एक इशारा आहे: गणितातला एखादा आकडा न वापरताच उत्तर आलं तर थांबून मागे बघायचं.

क्रॉस चालतो कसा हे एकदा समजलं की मधे काय लिहायचं हा प्रश्नच उरत नाही. आपल्याला मिश्रण ४५ ला पडायला हवंय. आता ४० वाला प्रत्येक किलो ह्या ४५ पेक्षा ५ रुपयांनी खाली आहे आणि ५५ वाला प्रत्येक किलो १० रुपयांनी वर आहे. मिश्रणाचा भाव ४५ वर टिकायचा तर वरची रक्कम आणि खालची रक्कम एकमेकांना पुरी पडली पाहिजे. ५५ वाला एक किलो टाकला की १० रुपये वर गेले, ते खाली आणायला ४० वाले दोन किलो लागतात कारण प्रत्येकी ५ च कमी होतात. झालं, ४० वाला दोन, ५५ वाला एक. सूत्र नाही, काही नाही, तोंडी हिशोब. कागदावर आपण तो असा मांडतो:

```
४० वाला        ५५ वाला
           ४५
  १०              ५
  (२     :       १)
```

डावीकडे खाली १० आले ते ५५ वजा ४५ चे, उजवीकडे ५ आले ते ४५ वजा ४० चे. तिरकं का लिहायचं ते वरच्या हिशोबातूनच दिसतं. ज्याचा भाव मधल्या भावापासून लांब आहे त्याचा एकेक किलो जास्त ओढतो, म्हणून तो कमी लागतो. ५५ वाला १० ने लांब, म्हणून तो कमी, ४० वाला ५ ने लांब, म्हणून तो जास्त. ५ आणि १० ची अदलाबदल होते ती एवढ्यासाठीच. ज्यांनी हे पाठ केलंय की तिरकं लिहायचं, पण का ते माहीत नाही, ते परीक्षेच्या घाईत सरळ खाली लिहून येतात आणि १:२ वर गोल करतात, आणि पेपर काढणाऱ्याने १:२ हा पर्याय ठेवलेलाच असतो.

म्हणून क्रॉस मारायच्या आधी नुसत्या नजरेने एक अंदाज घ्यायचा. मधला भाव कोणाच्या जवळ आहे? ४५ हे ४० च्या जवळ आहे, मग ४० वाला जास्त असणार. उत्तर २:१ आलं, ४० वाला जास्त, बरोबर. ह्याच अंदाजाने तुमचं १:१४ सुद्धा पकडता आलं असतं: जवळजवळ सगळा ५५ चा तांदूळ भरायचा, तो ५४ ने विकायचा आणि वर २० टक्के कमवायचे, कुठला दुकानदार करेल हे?

आता ४५ आले कुठून, इथे बऱ्याच जणांचा दुसरा पाय घसरतो. ५४ मधून २० टक्के काढायचे म्हणून लोक ५४ चे २० टक्के काढतात, १०.८०, आणि वजा करून ४३.२० लिहितात. हे चुकीचं आहे कारण २० टक्के हे ५४ वर नाहीत, खरेदीवर आहेत. खरेदी १०० धरली तर विक्री १२०, म्हणून ५४ ला १२० ने भागून १०० ने गुणायचं, ४५. तोंडी करायचं तर १२० म्हणजे सहा भाग आणि १०० म्हणजे पाच भाग, ५४ चे सहा भाग केले की एक भाग ९, पाच भाग ४५. ४३.२० घेऊन क्रॉस मारला तर खाली ११.८० आणि ३.२० येतात, म्हणजे ५९:१६. असलं वाकडं प्रमाण आलं की भरतीच्या पेपरात समजून जायचं की कुठेतरी टक्का चुकीच्या आकड्यावर लावलाय. खऱ्या दुकानात प्रमाण वाकडं येऊ शकतं, पण पेपर काढणारा आकडे आधीच सुटतील असे निवडतो.

इथे एक 'पण' आहे तो सांगतो. प्रश्नात 'विक्रीवर २०% नफा' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर मात्र ४३.२० च बरोबर आणि उत्तर ५९:१६ च बरोबर. व्यापारात बरेच जण मार्जिन विक्रीवरच बोलतात, शंभराला विकलं त्यात वीस सुटले की वीस टक्के. हेच वीस टक्के खरेदीवर बघितले तर पंचवीस होतात, ८० वर २० म्हणून. बघा, म्हणूनच मगाशी मी २० की २५ हे आधी तपासून घेतलं, पानावर २५ असते तर मधला आकडा ५४ ला १.२५ ने भागून तोच ४३.२० आला असता. परीक्षेत काहीच लिहिलं नसेल तर नफा-तोटा खरेदीवरच धरायचा, हा ठरलेला रिवाज आहे. आणि उलट बाजूने पण जाता येतं: ४० आणि ५५ ह्या दोघांनाच २० टक्के वाढवून विक्रीभाव करा, ४८ आणि ६६, आणि मधे ५४ ठेवा. ६६ वजा ५४ बारा, ५४ वजा ४८ सहा, परत २:१. तिन्ही खरेदीचे घ्या नाहीतर तिन्ही विक्रीचे घ्या, उत्तर एकच येतं, फक्त मिसळू नका. पहिला मार्ग सोपा कारण एकच आकडा बदलावा लागतो.

आणि २:१ हे फक्त प्रमाण आहे, किलो नाहीत. हे वेगळं सांगायचं कारण पुढचं गणित हमखास असं येतं की '५५ वाला ३० किलो आहे, त्यात ४० वाला किती मिसळावा', तेव्हा दुप्पट म्हणजे ६०. किंवा 'एकूण ३० किलो मिश्रण हवंय', तेव्हा तीन भाग करून २० आणि १०. पडताळा पण याच्यावरच घ्या: २० किलोचे ८००, १० किलोचे ५५०, एकूण १३५०, विक्री ३० गुणिले ५४ म्हणजे १६२०, नफा २७०, आणि २७० हे १३५० चे २० टक्के. दहा सेकंद लागतात. आपल्याकडे हा नियम फार जुना आहे बरं का, भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, सोन्याच्या कसासाठी तो दिलेला आहे. तिथलं उदाहरण १६ वर्णाचं आणि १० वर्णाचं सोनं मिसळून १२ वर्णाचं करायचं असं आहे. मोठ्यातून हवा तो वजा, हव्यातून लहान वजा, ४ आणि २ आले, ४ भाग हलकं सोनं आणि २ भाग भारी सोनं. आणि आलेल्या ह्या दोन आकड्यांना हव्या त्या संख्येने गुणा असंही तिथे नियमातच सांगितलंय, म्हणजे प्रमाण आणि प्रत्यक्ष वजन यातला फरक तेव्हाच धरलेला आहे.

आता तेराव्याकडे, आणि खरं तर मला तुमच्या प्रश्नातलं हेच जास्त आवडलं. तुम्ही ४:१ चे ४ केलेत, ३:२ चे दीड केलेत, हव्या असलेल्या २:१ चे २ केलेत, आणि क्रॉस मारलात. खाली डावीकडे २ वजा १.५ म्हणजे ०.५, उजवीकडे ४ वजा २ म्हणजे २ आणि प्रमाण १:४. ह्यात आकडेमोडीची एकही चूक नाही. मग हे १:४ कशाचं आहे?

तुमचा ४ हा आकडा काय बोलतोय ते नीट वाचा: पहिल्या भांड्यात एक लिटर *पाण्यामागे* चार लिटर दूध. दीड म्हणजे दुसऱ्या भांड्यात एक लिटर पाण्यामागे दीड लिटर दूध. तुमचे तिन्ही दर पाण्यामागचे आहेत, म्हणून क्रॉसने प्रमाण दिलं ते पाण्याचं. म्हणजे पहिल्या भांड्यातून आलेलं पाणी आणि दुसऱ्या भांड्यातून आलेलं पाणी हे १:४ असलं पाहिजे. आणि ते खरंच तसं आहे! पुस्तकाच्या १:२ प्रमाणे पहिल्यातून ५ लिटर आणि दुसऱ्यातून १० लिटर घ्या. पहिल्या ५ लिटरात दूध ४, पाणी १. दुसऱ्या १० लिटरात दूध ६, पाणी ४. पाणी किती आलं? १ आणि ४. तुमचंच उत्तर आहे ते. एकूण दूध १०, पाणी ५, म्हणजे २:१, जे हवं होतं तेच.

तर ही गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: क्रॉसमधून जे प्रमाण येतं ते दर *ज्याच्यामागे* मोजलाय त्याचं येतं. रुपये *किलोमागे* असतील तर किलोंचं प्रमाण, दूध *पाण्यामागे* असेल तर पाण्याचं प्रमाण. भांड्यातल्या मिश्रणाच्या लिटरांचं प्रमाण हवंय, मग दर *मिश्रणाच्या लिटरमागे* पाहिजे. म्हणजे पहिल्यात पाच लिटरात दूध चार, ४/५. दुसऱ्यात ३/५. हवंय तीन लिटरात दोन, २/३. अपूर्णांक बघून घाबरू नका, तिघांचा छेद १५ करा: १२, ९ आणि १०. आता छेद विसरा, कारण तिघांना एकच आहे, आणि नुसता वरच्या आकड्यांवर क्रॉस मारा:

```
पहिलं १२        दुसरं ९
           १०
   १               २
```

१:२, संपलं. आणि नजरेचा अंदाज इथेही लावा, १० हे ९ च्या जवळ आहे म्हणून दुसऱ्या भांड्यातलं जास्त. पाहिजे तर दुधाऐवजी पाण्याचा हिस्सा घेऊन करून बघा, ३, ६ आणि ५ येतील पंधराव्या हिश्शात, क्रॉस मारला की परत १:२ येतं. दुधाचा हिस्सा घ्या नाहीतर पाण्याचा, पण तो एकूण मिश्रणातला हिस्सा पाहिजे.

हे 'ज्याच्यामागे' प्रकरण दुसऱ्या धड्यांतही उपयोगी पडतं, एकच उदाहरण देतो. व्यापाऱ्याने काही माल ८% नफ्याने आणि काही १८% नफ्याने विकला, एकूण १४% नफा झाला. क्रॉस मारला की ४:६, म्हणजे २:३. पण २:३ कशाचं? टक्के खरेदीच्या रुपयांमागे आहेत, म्हणून खरेदीच्या रुपयांचं. दोन्ही माल एकाच भावाचा असेल तर किलोंचंही तेच प्रमाण येईल, नाहीतर नाही. त्यामुळे प्रश्नात माल वेगवेगळ्या भावाचा असेल आणि विचारलं किलोंचं असेल, तर अजून एक भागाकार बाकी आहे हे लक्षात ठेवा.

गवळ्याचं गणित पण याच पानावर मागे कुठेतरी असणारच, गवळी खरेदीभावानेच दूध विकतो तरी २०% कमावतो, पाणी किती घातलं. त्यात लोक अडतात कारण दुसरा भाव दिसत नाही. पाण्याचा भाव शून्य लिहायचा. दूध ६० रु. लिटर धरा, विक्री ६० ने, २०% नफा म्हणजे मिश्रण ६० भागिले १.२, म्हणजे ५० ला पडलं पाहिजे. वर ६० आणि ०, मधे ५०, खाली ५० आणि १०, म्हणजे दूध-पाणी ५:१. तुमच्या बाराव्याचीच युक्ती, आधी विक्रीवरून खरेदी काढली. ६० च्या जागी कुठलाही भाव धरा, ५:१ च येतं. (पुस्तकातला गवळी लॅक्टोमीटरला कधी सापडत नाही हा भाग वेगळा.)

खऱ्या डेअरीत हा क्रॉस वापरतात का असं मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. वापरतात, तिथे त्याला पिअर्सन स्क्वेअर म्हणतात आणि चौकोनाच्या कोपऱ्यांवर आकडे लिहितात, बाकी सगळं हेच. समजा म्हशीचं ६.५ फॅटचं दूध आहे आणि मलई काढलेलं, ज्याला स्किम म्हणतात ते, ०.५ फॅटचं आहे. पिशवीतलं स्टँडर्डाइज्ड दूध करायचंय, त्याला आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किमान ४.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, लागतं. क्रॉस मारला, म्हशीचं ४, स्किम २, म्हणजे २:१. फॅटचे टक्के वजनामागे असतात, म्हणून हे २:१ किलोंचं आहे, लिटरचं नाही. बघा, तेच 'ज्याच्यामागे' परत आलं. एक लिटर दुधाचं वजन एक किलोपेक्षा थोडं जास्त असतं आणि फॅट काढलं की अजून जरासं वाढतं, फरक किरकोळ आहे, पण टँकरभर दूध असलं की तिथले लोक वजनावरच हिशोब करतात.

आणि इथेच क्रॉसची मर्यादा पण दिसते. एका क्रॉसने तुम्ही एकच गोष्ट नेमकी आणू शकता. फॅट ४.५ आणलं, मग एसएनएफ जे यायचं ते येणार, तुमच्या हातात नाही. म्हशीच्या दुधाचं एसएनएफ ९ आणि स्किमचं ८.७ असेल तर दोन भाग ९ आणि एक भाग ८.७ मिळून ८.९ होतं, ८.५ च्या वर आहे, काम झालं. पण स्किमऐवजी पाणी घालून फॅट ४.५ वर आणलं असतं तर? ६.५ आणि ०, मधे ४.५, म्हणजे ९:४. फॅट बरोबर जमलं, पण एसएनएफ नऊ तेरांश झालं ९ चं, म्हणजे साधारण ६.२, आणि दूध तपासणीत तिथेच पकडलं जातं. दोन्ही गोष्टी नेमक्या पाहिजे असतील तर तिसरा पदार्थ घ्यावा लागतो, जसं दूध पावडर, आणि मग क्रॉस नाही, समीकरणं मांडावी लागतात.

तांदळाचंही तसंच आहे. तीन प्रकारचे तांदूळ मिसळून एक भाव आणायचा असं गणित आलं तर त्याला एकच उत्तर नसतं, बरीच असतात, म्हणून प्रश्नात आणखी एखादी अट असते, जसं की पहिले दोन सारख्या प्रमाणात घेतलेत. मग आधी त्या दोघांचा सरासरी भाव काढून एक प्रकार करायचा आणि तिसऱ्याशी क्रॉस मारायचा. अट दिसलीच नाही तर पर्याय एकेक लावून बघायचे, तेच लवकर होतं. आणि मधला भाव दोन्ही भावांच्या बाहेर आला, समजा ४० आणि ५५ मधे तुमचा मधला ५८ आला, तर क्रॉस मारूच नका, अशी भेसळ होतच नाही. चिन्हाकडे न बघता मोठ्यातून लहान वजा करणाऱ्यांना तिथेही एक प्रमाण मिळतं आणि ते बिनधास्त गोल करतात. अशावेळी बहुतेक नफ्याचा टक्का उलटा लावलेला असतो, भागायच्या ऐवजी गुणलेलं असतं, तिथे जाऊन बघा.

तुमच्या दोन गणितांपुरतं क्रमाने सांगायचं तर: आधी विचारलंय कशाचं प्रमाण ते वाचायचं, किलो, लिटर की रुपये. मग तिन्ही आकडे त्याच्यामागचे करून घ्यायचे, विक्री असेल तर खरेदी काढायची, दूध:पाणी असेल तर एकूणातला हिस्सा काढायचा. मग वर नावं लिहून, म्हणजे '४० वाला', 'पहिलं भांडं' असं, क्रॉस मारायचा. नावं लिहा म्हणतोय कारण प्रश्नात कधी महाग आधी विचारतात आणि कधी स्वस्त, आणि पर्यायात २:१ आणि १:२ दोन्ही असतात.

फोटोच्या तळाशी १४ वं गणित अर्धं दिसतंय, '४० लिटर दुधातून ४ लिटर काढून तेवढंच पाणी घातलं, असं पुन्हा एकदा केलं' एवढं वाचता येतंय. तुम्ही विचारलं नाहीत पण कडेला तिथेही क्रॉसची सुरुवात केलेली दिसतेय, ती खोडून टाका. इथे दोन गोष्टी मिसळून एक भाव आणायचा नाहीये, एकाच भांड्यातलं दूध टप्प्याटप्प्याने कमी होतंय. दर वेळी दहावा हिस्सा निघतो, म्हणजे दूध नऊ दशांश उरतं, आणि दुसऱ्या वेळी जे ४ लिटर निघतं त्यात थोडं पाणी पण असतं, म्हणून सरळ ८ लिटर वजा करून चालत नाही. ४० चे नऊ दशांश ३६, ३६ चे नऊ दशांश ३२.४. दूध ३२.४ लिटर, पाणी ७.६ लिटर, आणि प्रमाण विचारलं असेल तर ८१:१९.